बेळगावहून कुत्र्याला घेऊन लांबचा प्रवास: गाडी लागणं, पाणी आणि कागदपत्रं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बऱ्याच घरांचं एक पाऊल इकडे आणि एक पुण्या-मुंबईला किंवा बेंगळूरला असतं. सुट्टीला किंवा बदली झाली म्हणून निघायचं ठरतं आणि मग प्रश्न येतो की कुत्र्याचं काय? पाचशे मीटरवरच्या दवाखान्यात गाडीने नेलं तरी तोंडातून लाळेची धार लागणारं कुत्रं साडेतीनशे किलोमीटर कसं येणार? येतं, पण त्याची तयारी किमान पंधरा दिवस आधी सुरू करावी लागते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणासाठी मोती नावाचा एक कुत्रा धरू: देशी, दीड वर्षाचा, वजन २२ किलो. एप्रिल महिन्यात त्याला बेळगावहून पुण्याला कारने न्यायचं आहे. रेल्वेचं शेवटी वेगळं सांगितलं आहे, कारण तिथली अडचण कुत्र्यापेक्षा तिकिटाची जास्त असते.

१. आधी ओळखा: गाडी लागते की गाडीची भीती वाटते?

दोन्हींत लाळ गळते, दोन्हींत उलटी होते आणि म्हणून दोन्हींवर एकच गोळी दिली जाते. इथेच पहिली चूक होते.

गाडी लागते तेव्हा त्रास गाडी चालू लागल्यावर सुरू होतो. सपाट रस्त्यावर थोडा वेळ बरं असतं, वळणं आली किंवा ट्रॅफिकमध्ये सारखा ब्रेक लागू लागला की कुत्रं आधी ओठ चाटतं, मग पुन्हा पुन्हा जांभया देतं, लाळ गळते, मान खाली घालून गप्प बसतं आणि मग पोट आत ओढून उलटी करतं. कानाच्या आतल्या भागाला तोल बदलल्याचं कळत असतं आणि डोळ्यांसमोर मात्र गाडीची स्थिर सीट असते. या विसंगतीतून मळमळ होते. पिल्लांत तोल सांभाळणारी ही यंत्रणा अजून पक्की झालेली नसते, म्हणून त्यांना जास्त त्रास होतो. वर्षाचं झाल्यावर बऱ्याच कुत्र्यांचा त्रास आपोआप कमी होतो.

भीती असेल तर गाडी सुरू होण्याआधीच सगळं दिसतं. दार उघडताच कुत्रं मागे सरतं, उभ्या गाडीतही धापा टाकतं, थरथरतं, कण्हतं. गाडीतून फक्त इंजेक्शनलाच नेलेल्या कुत्र्यांत हे हमखास सापडतं.

तपासायचं कसं? दाराशी उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. इथेच लाळ सुटली तर मूळ भीतीत आहे. इथे निवांत बसला आणि पिरनवाडीपर्यंत गेल्यावर लाळ सुटली तर गाडी लागते आहे. मोतीला गाडी लागते असं समजू. काहींत दोन्ही असतं. सुरुवातीला मळमळ झालेली असते आणि नंतर गाडी म्हणजे मळमळ हे डोक्यात बसलेलं असतं. अशांना पुढची सवय आणि औषध दोन्ही लागतं.

२. पंधरा दिवस आधी: सवय

पहिले तीन-चार दिवस गाडी हलवायचीच नाही. रोजच्या जेवणाचं ताट गाडीत द्या आणि खाऊन झालं की खाली उतरवा. पुढचे दोन-तीन दिवस इंजिन सुरू करून पाच मिनिटं बसा. मग गल्लीतून एक फेरी. दुसऱ्या आठवड्यात अंतर वाढवत मच्छे आणि शेवटी खानापूरपर्यंत जा. हे अंतर साधारण पंचवीस-सव्वीस किलोमीटरचं आहे. प्रत्येक फेरी अशा जागी संपवा जिथे कुत्र्याला चांगलं काहीतरी मिळेल, मोकळं मैदान किंवा शेताचा बांध चालेल. ज्या दिवशी लाळ सुटेल त्या दिवशी तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे या. एक पायरी चुकली म्हणून ओरडलात तर चार दिवसांची सवय जाते.

सवय लावण्यासाठी चोर्ला किंवा आंबोली घाटाचा रस्ता घेऊ नका. फिरायला जायच्या उत्साहात बरेच जण तेच करतात आणि पहिल्याच वेळी तासभर सलग वळणं खाल्लेलं कुत्रं नंतर सपाट रस्त्यावरही गाडीत चढत नाही.

बसण्याची जागाही याच दिवसांत ठरवा. मागची सीट किंवा मागे ठेवलेला पिंजरा. पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पिंजरा नसेल तर छातीचा पट्टा घालून तो सीट बेल्टला अडकवा. गळपट्ट्याला कधीच अडकवू नका, जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅगचा धोका असतो, आणि मांडीवर कुत्रं घेऊन गाडी चालवणं तर कुणीच करू नये. गाडी लागणाऱ्या कुत्र्याला बाजूच्या खिडकीतून झरझर मागे पळणारं दृश्य दिसलं की त्रास वाढतो, म्हणून पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना चादर टाका, समोरची बाजू उघडी ठेवा.

३. आठवडाभर आधी: डॉक्टर आणि कागद

डॉक्टरांकडे तीन कामं असतात: लस, औषध आणि दाखला. पण तिन्ही शेवटच्या दिवसावर ढकलू नका. रेबीजच्या लसीची मुदत संपत आली असेल तर ती किमान आठवडाभर आधी टोचून घ्या. लसीनंतर एखादा दिवस कुत्रं मरगळतं, अंग गरम लागतं. त्याच दिवशी प्रवास असेल तर ही मरगळ लसीची की उन्हाची हे तुम्हालाही कळणार नाही.

गाडी लागण्यावर पशुवैद्य बहुधा मॅरोपिटंट नावाचं औषध देतात. मळमळीचा संदेश मेंदूतल्या ज्या केंद्रात पोचतो, तिथेच ते काम करतं. प्रवासाच्या साधारण दोन तास आधी, चमचाभर खाण्यासोबत ते द्यायचं असतं. वजनावरून मात्रा ठरते, म्हणून कुत्र्याचं त्या आठवड्यातलं वजन घ्या, सहा महिन्यांपूर्वीचं सांगू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा: साध्या उलटीसाठी याच औषधाची जी मात्रा असते, त्यापेक्षा गाडी लागण्यासाठीची मात्रा बरीच मोठी असते. घरात उरलेल्या गोळ्या आपल्या अंदाजाने दिल्या तर त्या पुरणार नाहीत. पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. आणि "गुंगीचं इंजेक्शन द्या, झोपून येऊ दे" असा आग्रह डॉक्टरांना करू नका. गुंगीने कुत्रं गप्प पडतं, पण त्याची मळमळ जातेच असं नाही. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, शिवाय अंगाचं तापमान आवरण्याची त्याची ताकद कमी होते. एप्रिलमध्ये हे जिवावर बेतू शकतं. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर जास्तच.

आता कागद. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार कुत्र्यासोबत पशुवैद्याचा आरोग्य दाखला असावा लागतो. कुत्रं प्रवासाला योग्य आहे आणि त्याला रेबीजसह कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, एवढं त्यात लिहिलेलं असतं. प्रसूती जवळ आलेल्या कुत्रीला याच नियमांनुसार प्रवासाला नेता येत नाही. दाखला निघण्याच्या आदल्या दिवशी घ्या. महिनाभरापूर्वीचा दाखला दाखवला तर रेल्वेत तो नाकारला जाऊ शकतो.

दाखल्यावर जात, रंग, लिंग, वय, अंगावरची एखादी खूण, रेबीज लसीची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. देशी कुत्र्याच्या जातीपुढे रेघ मारून दिली जाते, तिथे "देशी" असं लिहून घ्या. आपल्या सीमाभागातली एक खास अडचण अशी की सरकारी पशु दवाखान्यातला छापील नमुना पुष्कळदा कन्नडमध्ये असतो. महाराष्ट्रात जाताना तो वाचणारं कुणी भेटेलच असं नाही. डॉक्टरांना विनंती करून इंग्रजीत लिहून घ्या, बहुतेक डॉक्टर देतात.

सोबत ठेवायचे कागद:

- आरोग्य दाखला, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- लसीकरणाचं पुस्तक, लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं पान उघडून दाखवता येईल असं
- चालू औषधांची चिठ्ठी
- तुमचं ओळखपत्र
- कुत्र्याचा अलीकडचा फोटो, मोबाइलमध्ये चालेल. वाटेत हरवलं तर हाच कामाला येतो

गळपट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर असलेला बिल्ला आजच लावा. बोर्ड पेनने पट्ट्याच्या आतल्या बाजूला लिहिला तरी चालतं.

४. आदली रात्र आणि निघायची पहाट

मोतीला पहाटे पाचला निघायचं आहे. म्हणजे रात्री आठला त्याचं शेवटचं जेवण, नेहमीच्या निम्मं किंवा थोडं जास्त, आणि नेहमीचंच. दही-भात खाणाऱ्याला प्रवासाच्या आदल्या रात्री मटणाचे तुकडे नकोत. भरल्या पोटी उलटी होतेच, आणि पोट पूर्ण रिकामं ठेवूनही पित्ताने पिवळा फेस येतो. म्हणून मोठ्या कुत्र्याला जेवण आणि प्रवास यांत आठ-नऊ तास ठेवायचे, पण लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही. त्याला निघण्याच्या तीन-चार तास आधी दोन घास द्या.

पहाटे तीनला उठून गोळी, एका बिस्किटाच्या तुकड्यासोबत. साडेचारला फिरवून आणा आणि लघवी-शी दोन्ही झाल्याशिवाय गाडीत बसवू नका. पाणी थोडंच, पाऊण वाटी.

एवढ्या पहाटे निघायचं कारण ऊन. निपाणी-कोल्हापूरपर्यंत थंडावा असतो, आणि पुण्यात डोक्यावर ऊन येण्याआधी बराच रस्ता कापलेला असतो. कोल्हापूर-सातारा भागात रस्ता रुंदीकरणाची वळणं लागतात, तिथे किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून हिशोबात एक तास जादा धरा. गळीत हंगामात निघणार असाल तर संकेश्वर-निपाणी पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांवर मोठ्याने गाणी लावलेली असतात. आवाजाला बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी त्या पट्ट्यात काचा वर ठेवा.

५. वाटेत: पाणी आणि थांबे

निरोगी कुत्र्याला दिवसभरात किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. मोतीचे २२ किलो धरले तर ११०० ते १३०० मिलिलिटर, आणि उन्हात धापा टाकल्या की याहून जास्त. गाडीत तीन लिटर घ्या. यातलं निम्मं पिण्यासाठी आणि उरलेलं पुसण्यासाठी आणि गरज पडली तर अंगावर ओतण्यासाठी. पाणी घरचंच घ्या. ढाब्यावरच्या अनोळखी पाण्याने पोट बिघडलं तर उरलेला प्रवास दर वीस मिनिटांनी थांबत करावा लागतो.

थांबे दर दोन तासांनी. मोतीचा हिशोब असा होईल:

- साडेसहाच्या सुमारास कागलच्या अलीकडे पहिला थांबा, १५० मिलिलिटर पाणी
- साडेआठ-नऊला कराडजवळ दुसरा, २०० मिलिलिटर आणि गाडी न लागल्यास मूठभर खाणं
- अकराच्या आसपास सातारा सोडल्यावर तिसरा, २०० मिलिलिटर

उरलेलं पाणी पुण्यात पोचल्यावर. एकदम भांडं भरून पुढे ठेवू नका. तहानलेलं कुत्रं अर्धा लिटर एका दमात पितं आणि गाडी हलली की ते सगळं बाहेर येतं. पाणी दिल्यावर दहा मिनिटं फिरवा, मग निघा. काही कुत्री ताणात असताना पाणीच पीत नाहीत. त्यांना बर्फाचा खडा चाटायला द्या किंवा पाण्यात दोन चमचे ताक घाला.

थांब्यावरची सगळ्यांत महत्त्वाची सवय: दार उघडण्याआधी साखळी हातात. महामार्गावर हरवणारी कुत्री बहुधा याच पाच सेकंदांत निसटतात. ढाब्याच्या मागच्या बाजूला भटक्या कुत्र्यांची टोळी असतेच, म्हणून शक्यतो पेट्रोल पंपाची मोकळी कडा निवडा. डांबरावर उतरवण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्याच्या पंजांनाही भाजेल.

चहाला उतरताना कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका, काच चार बोटं उघडी ठेवूनसुद्धा नाही. बाहेर तीस अंश असताना दहा-पंधरा मिनिटांत आत चाळीसच्या वर जातं. दोघं असाल तर आळीपाळीने उतरा, एकटे असाल तर चहा बाहेर मागवा.

घाटाबद्दल एक सोय अशी की साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगद्याने जाता येतं. परतताना घाटरस्त्याने आलात तर मात्र चढाची वळणं लागतात. म्हणजे जाताना ठीक आलेल्या कुत्र्याला येताना त्रास होऊ शकतो, आणि परतीच्या दिवशीही गोळी वेळेवर द्यावीच लागते. वळणांवर वेग आधी कमी करा, वळणात ब्रेक मारू नका. काच बोटभर खाली ठेवा म्हणजे हवा खेळती राहील, पण कुत्र्याला डोकं बाहेर काढू देऊ नका.

ओठ चाटणं आणि जांभया सुरू झाल्या की उलटीला अजून थोडा वेळ असतो. लगेच सुरक्षित जागी थांबा आणि पाच-दहा मिनिटं जमिनीवर चालवा. उलटी झालीच तर अर्धा तास काही देऊ नका, मग दोन-दोन चमचे पाणी. एकदा-दोनदा उलटी होऊन कुत्रं पुन्हा ताजंतवानं झालं तर काळजी नाही. गाडी थांबल्यावरही उलट्या थांबत नसतील, उलटीत रक्त दिसलं किंवा काहीच न पडता नुसत्या उबळी येऊन पोट फुगत असेल तर जवळच्या गावातला पशुवैद्य गाठा. पोट फुगणं हे गाडी लागण्याचं लक्षण नाही. त्यात आतडी किंवा जठर पिळवटलेलं असू शकतं आणि तासाभराचाही उशीर चालत नाही.

उष्माघात याहून लवकर ओळखता आला पाहिजे. धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, उभं राहताना तोल जातो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतं, ४० च्या वर गेलं की धोका. लगेच सावलीत घेऊन पोट, काखा, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वहीने किंवा एसीने वारा घाला आणि त्याच अवस्थेत दवाखान्याकडे निघा. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते.

६. रेल्वेने जायचं असेल तर

कुत्र्याला तुमच्यासोबत डब्यात नेता येतं ते फक्त फर्स्ट एसीत, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्याकडे असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर आणि चेअर कारमध्ये कुत्रं चालत नाही. त्यामुळे बेळगावहून पुण्याकडे किंवा बेंगळूरकडे जाणारी वंदे भारत या कामाची नाही. बेंगळूरला रात्रभराच्या प्रवासासाठी राणी चन्नम्मा सोयीची पडते. तिकीट काढताना IRCTC वर त्या तारखेला `1A` दिसतोय का ते बघा, बेळगावचा कोड `BGM`.

एकट्याने प्रवास करणार असाल तरी कूपेसाठी दोन्ही बर्थची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. एकच तिकीट असेल तर दुसरा प्रवासी येणार, आणि त्याने हरकत घेतली की कुत्र्याला लगेज व्हॅनमध्ये हलवावं लागतं. तिकीट काढताना कूपे मिळेलच असं नाही, तो चार्ट तयार होताना ठरतो. म्हणून तिकीट कन्फर्म झाल्यावर हुबळी विभागाच्या वाणिज्य कार्यालयाला कुत्रं सोबत असल्याचा अर्ज पीएनआरसह द्या आणि पोच घ्या. चार्टमध्ये कूपे मिळाला नाही तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असू द्या, बहुतेकांची तारांबळ इथेच उडते.

निघायच्या दिवशी किमान तीन तास आधी कुत्र्याला घेऊन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जा. तिथे तिकीट, ओळखपत्र, आरोग्य दाखला आणि लसीचं पुस्तक दाखवून लगेजच्या दराने पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. ऑनलाइन काढलेल्या तुमच्या तिकिटात कुत्र्याचे पैसे धरलेले नसतात. पावतीशिवाय सापडलात तर लगेजच्या दराच्या सहापट रक्कम वसूल होते. "सहप्रवाशांची हरकत नाही" असं टीसीला सांगून थ्री टायरमध्ये नेता येईल, असं सांगणारे भेटतात. त्यावर विसंबू नका.

दुसरा मार्ग लगेज व्हॅनमधल्या डॉग बॉक्सचा. तिकीट त्याच गाडीचं तुमच्याकडे असावं लागतं, आणि खाणं-पाणी तुम्हीच बघायचं असतं. त्या डब्यात ना पंखा, ना सोबत कुणी. थंडीतल्या रात्रीच्या छोट्या प्रवासाला दणकट कुत्र्यासाठी ठीक आहे. मार्च ते जूनमध्ये दिवसाच्या गाडीने आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर नाहीच. व्हॅन बहुधा गाडीच्या टोकाला असते आणि बेळगावचा थांबा काही मिनिटांचाच, म्हणून गाडी येण्याआधीच डबे कुठे लागणार ते विचारून त्या टोकाला उभे राहा.

कूपेत गाडी लागण्याचा त्रास कारपेक्षा कमी होतो, कारण झटके कमी असतात. अडचण लघवीची. संध्याकाळी गाडीत चढण्याआधी भरपूर फिरवा, कूपेत जुनी वर्तमानपत्रं किंवा पॅड अंथरा, आणि धारवाड-हुबळीला उतरायचं तर सोबत दुसरं माणूस डब्यात असू द्या. थांबा किती मिनिटांचा आहे ते रेल्वेच्या `NTES` ॲपवर आधी बघून ठेवा. रात्री पाणी कमी द्या, पण बंद करू नका. एसीत हवा कोरडी असते.

७. पोचल्यावर

आधी साखळीसकट फिरवा, मग पाणी, आणि तासाभराने निम्मं जेवण. नव्या जागी पहिले दोन दिवस गेट उघडं दिसलं की कुत्रं घर शोधायला निघतं, त्यामुळे अंगणातसुद्धा साखळी सोडू नका. मोतीसारख्या, गाडी लागणाऱ्या कुत्र्याला परतीच्या प्रवासाआधी किमान दोन-तीन दिवस विश्रांती हवी. उरलेली गोळी, तिची वेळ आणि परतीच्या तारखेचा दाखला पुण्यातल्या कुठल्या डॉक्टरांकडून घ्यायचा, हे बेळगावातून निघतानाच एका कागदावर लिहून लसीच्या पुस्तकात ठेवा.